मर्यादा कुणाच्या: संशोधकाच्या की निष्कर्षाच्या?

पीएच.डी.चा प्रबंध हातात घेतला की पहिल्या प्रकरणाच्या शेवटाकडे एक ओळखीचा परिच्छेद भेटतो. तो साधारण असा असतो:

«प्रस्तुत संशोधन बीड जिल्ह्यातील एका तालुक्यापुरते मर्यादित आहे. वेळ व पैसा यांच्या अभावी नमुना लहान घेण्यात आला आहे. उत्तरदात्यांनी दिलेली माहिती खरी आहे असे गृहीत धरले आहे. संशोधक स्वतः शिक्षक असल्याने काही प्रमाणात पूर्वग्रह असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब या संशोधनाच्या निष्कर्षांचे सार्वत्रिकीकरण करता येणार नाही.»

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही हा परिच्छेद दोन प्रकारे नुकसान करतो. जिल्ह्याचं नाव बदललं तर तो द्राक्षबागांवरच्या प्रबंधात बसेल, बचतगटांवरच्या प्रबंधातही बसेल. म्हणजे या अभ्यासात नेमकं काय कच्चं राहिलं, ते वाचणाऱ्याला कळतच नाही. आणि शेवटच्या वाक्याने पुढच्या दोनशे पानांवर पाणी पडतं. निष्कर्ष कुठेच लागू होणार नसतील, तर चार वर्षं गावोगाव फिरून हाती काय लागलं, असा प्रश्न परीक्षकाच्या मनात उभा राहतो. अशा रीतीने जिथे उघड बोलायला हवं होतं तिथे मौन राखलं जातं आणि जिथे ठाम राहायला हवं होतं तिथे माघार घेतली जाते.

हा परिच्छेद नव्याने कसा लिहायचा, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण कल्पित आहे, त्यातले आकडेही हिशेब समजावा म्हणून मी ठरवलेले आहेत. परिस्थिती मात्र खरी आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईवडिलांबरोबर मुलंही गेली की शाळेचं अर्धं वर्ष बुडतं. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय केली जाते. आपल्या संशोधक बाई प्राथमिक शिक्षिका आहेत. गावात राहिलेली मुलं आणि फडावर गेलेली मुलं यांच्या वाचनात काय फरक पडतो, हा त्यांचा प्रश्न.

त्यांनी सहा शाळा निवडल्या आणि तिसरी ते सातवीच्या मुलांना एक सोपा उतारा वाचायला दिला. एकदा ऑगस्टमध्ये, म्हणजे कुटुंबं निघण्याआधी, आणि पुन्हा एप्रिलमध्ये. वसतिगृहात राहिलेली ८० मुलं होती. त्यांतली ३२, म्हणजे शंभरात ४०, ऑगस्टमध्ये उतारा नीट वाचत होती. एप्रिलमध्ये तो आकडा ५२ झाला, म्हणजे शंभरात ६५. फडावर जाऊन परतलेली ६० मुलं होती. त्यांतली २१ आधी वाचत होती, नंतर २७. म्हणजे शंभरात ३५ वरून ४५. दोन्ही गट त्याच सहा शाळांतले, त्याच शिक्षकांचे. आणि तेच मूल दोनदा तपासलेलं. ही या अभ्यासाची खरी कमाई आहे आणि मर्यादा लिहिताना ती हरवू द्यायची नाही.

परिच्छेद कुठे आणि कधी लिहिला जातो

वरच्या परिच्छेदाचा पहिला दोष त्याच्या जागेत आहे. आपल्याकडे शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ‘व्याप्ती, मर्यादा व परिमर्यादा’ असं एक उपशीर्षक असतं. त्यातले शेवटचे दोन शब्द वेगळ्या गोष्टींसाठी आहेत. संशोधकाने आपण होऊन आखलेली कुंपणं म्हणजे परिमर्यादा: एकच तालुका, तिसरी ते सातवी, फक्त मराठी वाचन. आपल्या हाताबाहेर राहिलेल्या आणि निष्कर्षाला धक्का देऊ शकणाऱ्या गोष्टी म्हणजे मर्यादा.

परिमर्यादा काम सुरू होण्याआधीच ठाऊक असतात, म्हणून त्या पहिल्या प्रकरणात शोभतात. मर्यादा मात्र काम करताना आणि आकडे हाती आल्यावरच कळतात. एप्रिलमध्ये आठ मुलं सापडणार नाहीत, हे नोंदणीच्या आराखड्यात कुणाला लिहिता आलं असतं? पण होतं असं की, आराखड्यासाठी लिहिलेला मजकूर पहिल्या प्रकरणात तसाच राहतो आणि चार वर्षांनी बांधणीला जातो. काम करताना जे शिकलो ते त्यात उतरतच नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती सोपी आहे. ‘एका तालुक्यापुरते’ हे वाक्य परिमर्यादेत ठेवावं आणि ते का निवडलं याचं कारण एका ओळीत द्यावं. मर्यादांचा परिच्छेद शेवटच्या प्रकरणात न्यावा: निष्कर्षांच्या चर्चेनंतर आणि शिफारशींच्या आधी. तिथे वाचणाऱ्याला निष्कर्ष ठाऊक झालेला असतो. कशाला धक्का बसतो आहे, हे त्याला तिथेच समजू शकतं.

चार प्रश्न

दुसरा दोष वाक्यांच्या कर्त्यात आहे. जुन्या परिच्छेदात संशोधक स्वतःबद्दल बोलतो: वेळ नव्हता, पैसा नव्हता, मी शिक्षक आहे. ही कारणं झाली. वाचणाऱ्याला निष्कर्षाबद्दल जाणून घ्यायचं असतं. म्हणून प्रत्येक मर्यादेला चार प्रश्न विचारावेत. ती कुठल्या निष्कर्षाला लागते? ती आकडा कुठल्या बाजूला ढकलते, वर की खाली? साधारण किती? आणि एवढं वजा केल्यावर काय उरतं?

यातले मधले दोन प्रश्न माझे नाहीत. वैद्यकातले निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत यासाठी २००७ मध्ये ‘स्ट्रोब’ नावाची २२ मुद्द्यांची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यातला एकोणिसावा मुद्दा मर्यादांचा आहे आणि त्यात संभाव्य झुकावाची दिशा आणि त्याचं प्रमाण या दोन्हींची चर्चा करावी, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. ‘पूर्वग्रह असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ या वाक्यात दिशाही नाही आणि प्रमाणही नाही. म्हणून ते प्रांजळ वाटतं, पण सांगत काही नाही.

हे चांगलं कसं करता येतं याचा एक जुना नमुना आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. लंडनच्या वीस रुग्णालयांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७०९ रुग्णांची त्यांनी तितक्याच इतर रुग्णांशी तुलना केली होती. त्यात एक उघड कच्चा दुवा होता. मुलाखत घेणाऱ्या रुग्णालयातल्या समाजसेविकांना समोरच्याचा आजार बहुधा माहीत असे. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णाला सिगारेटबद्दल त्या अधिक खोदून विचारत असतील, हा आक्षेप येणारच होता.

डॉल आणि हिल यांनी तो स्वतःच मांडला आणि त्याची परीक्षाही शोधली. मुलाखतीच्या वेळी कर्करोग समजला गेला, पण पुढे निदान चुकीचं निघालं, असे काही रुग्ण होते. मुलाखतकाराचा कल हेच कारण असतं, तर या रुग्णांच्या नोंदीतही कर्करोग्यांइतकंच धूम्रपान दिसायला हवं होतं. तसं दिसलं नाही. त्यांच्या सवयी कर्करोग नसलेल्यांसारख्या निघाल्या. मर्यादा सांगितल्याने त्या निबंधाचं वजन वाढलं, कारण वाचणाऱ्याच्या मनातला आक्षेप तिथेच मोजून दाखवला होता.

आपल्या प्रबंधातल्या मर्यादा, एकेक करून

आता बाईंच्या अभ्यासाकडे येऊ. सर्वांत मोठी मर्यादा जुन्या परिच्छेदात नव्हतीच. कुठलं मूल गावात ठेवायचं, हे संशोधकाने ठरवलं नव्हतं, कुटुंबाने ठरवलं. ज्यांच्या घरी आजी आहे, ज्यांना शाळेची अधिक ओढ आहे, ते मुलाला मागे ठेवतात. वसतिगृह नसतं तरी ही मुलं कदाचित पुढेच असती. दिशा स्पष्ट आहे: ही मर्यादा वसतिगृहाचा फायदा फुगवून दाखवते.

किती फुगवते? इथे ऑगस्टची चाचणी कामी येते. एप्रिलमध्ये दोन गटांत शंभरामागे २० मुलांची दरी दिसते, ६५ आणि ४५ अशी. पण ऑगस्टमध्येही ४० आणि ३५ असा फरक होताच. म्हणजे २० पैकी ५ आधीचेच. वसतिगृहातल्या मुलांची वाढ शंभरात २५, फडावरच्या मुलांची १०. हंगामाच्या काळात वाढलेली दरी १५ ची.

इतकं सांगूनही एक भाग उरतो आणि तो लपवू नये. आजीचा धाक आणि आईवडिलांची आस्था ऑगस्टमध्ये संपत नाही, वर्षभर चालते. म्हणजे १५ मधला काही वाटा घराचा असणार. तो किती, हे या अभ्यासातून काढता येत नाही. अशा वेळी दिशा सांगावी, आकडा सांगू नये आणि निष्कर्षाची भाषा बदलावी. मराठीत हा बदल एका प्रत्ययावर येऊन ठेपतो. ‘वसतिगृहामुळे मुलांचे वाचन सुधारले’ यातला ‘मुळे’ या अभ्यासाला पेलत नाही. ‘वसतिगृहात राहिलेल्या मुलांचे वाचन अधिक सुधारले’ हे पेलतं. मर्यादेचा परिच्छेद लिहून झाला की सगळ्या प्रबंधातले ‘मुळे’, ‘परिणामी’, ‘प्रभाव पडला’ शोधून काढावेत आणि प्रत्येकाला विचारावं: तुला आधार आहे का?

दुसरी मर्यादा हरवलेल्या मुलांची. फडावर एकूण ६८ मुलं गेली होती. एप्रिलच्या चाचणीपर्यंत आठ मुलांची कुटुंबं परतली नव्हती, म्हणून ६० च तपासली गेली. जुन्या पद्धतीने यावर ‘काही विद्यार्थी अनुपलब्ध होते’ एवढंच लिहिलं जातं. पण इथे साध्या बेरजेने हद्द काढता येते. सगळ्यांत प्रतिकूल कल्पना करू: ती आठही मुलं उत्तम वाचत होती. मग फडावरच्या ६८ पैकी ३५ मुलं वाचणारी ठरतात, शंभरात ५१ च्या आसपास. दरी १४ ची होते. ऑगस्टमधला ५ चा फरक वजा केला तरी ९ उरते. उलट टोक घेऊ: आठांपैकी एकही वाचत नव्हतं. मग ६८ पैकी २७, शंभरात ४०. दरी २५ ची आणि वजाबाकीनंतर साधारण २०. खरी गोष्ट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. जी सर्वांत उशिरा परतली ती शाळेपासून सर्वांत जास्त काळ दूर राहिलेली मुलं. म्हणून ती दुसऱ्या टोकाकडे असण्याचा संभव अधिक. आठ मुलं हरवली हे सांगून निष्कर्ष कोसळला नाही. उलट सर्वांत वाईट कल्पनेतही तो टिकतो, हे दिसलं.

तिसरी मर्यादा, ‘संशोधक स्वतः शिक्षक’. यातला खरा प्रश्न व्यवसायाचा नाही. उतारा बाईंनी स्वतः ऐकला आणि कुठलं मूल वसतिगृहातलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. अडखळणाऱ्या मुलाला ‘वाचता येतं’ म्हणायचं की नाही, इथे नकळत कल येऊ शकतो. डॉल-हिल यांच्या समाजसेविकांसारखाच हा प्रसंग. सुदैवाने बाईंनी वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं होतं. दोन्ही गटांतली वीस-वीस मुद्रणं त्यांनी नावं काढून दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांना ऐकवली. चाळीसपैकी अडतीस वेळा दोघांचा निर्णय जुळला आणि न जुळलेल्या दोन मुलांपैकी एक या गटातलं, एक त्या गटातलं होतं. कल एकाच बाजूला दिसला नाही. मुद्रणं नसती, तर एवढंच लिहायचं होतं की ‘तपासणाऱ्याला गट ठाऊक होता आणि याची स्वतंत्र पडताळणी झालेली नाही, यातून वसतिगृहाचा फायदा वाढून दिसण्याची शक्यता आहे’. तेही ‘पूर्वग्रह नाकारता येत नाही’पेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

चौथी मर्यादा, ‘नमुना लहान’. लहान नमुन्याने आकडा एका बाजूला झुकत नाही, तो डळमळीत होतो. म्हणून इथे दिशा सांगायची नसते, पल्ला सांगायचा असतो. ऑगस्टमध्ये वाचणारं एकही मूल मागे पडलं नाही असं धरलं, तर वसतिगृहातली ८० पैकी २० आणि फडावरची ६० पैकी ६ मुलं नव्याने वाचायला लागली. एवढ्या नमुन्यात १५ च्या दरीचा ९५ टक्के विश्वास-पल्ला साधारण ३ ते २७ येतो. म्हणजे वसतिगृहातली मुलं पुढे गेली याबद्दल शंका कमी, पण नेमकी किती पुढे, याबद्दल अभ्यास फारसं सांगू शकत नाही. हे वाक्य ‘नमुना लहान होता’पेक्षा अधिक प्रांजळ आहे आणि अधिक ठामही.

आणि एक मर्यादा अशी की, ती लिहायला बसल्यावर निष्कर्षच काढून टाकावा लागतो. चौथ्या प्रकरणात बाईंनी हजेरीपटावरून दोन्ही गटांच्या उपस्थितीचे तक्ते दिले होते. पण बाहेरगावी गेलेल्या मुलाची हजेरी पटावर कशी मांडली जाते, यात सहा शाळांत एकवाक्यता नव्हती. कुठे नाव पटावर ठेवून गैरहजेरी लावली होती, कुठे रकाने कोरे होते. या नोंदींवर दोन गटांची तुलना उभीच राहत नाही. अशा वेळी तक्ता तसाच ठेवून खाली ‘नोंदींत त्रुटी असू शकतात’ अशी टीप लावणं हा प्रांजळपणा नव्हे. तुलना गाळावी, तक्ता परिशिष्टात न्यावा आणि कारण सांगावं. मर्यादेच्या परिच्छेदाने निष्कर्ष जितका उचलता येतो तितकाच उचलायचा असतो. न पेलणारा निष्कर्ष टीप लावून सावरत नाही.

उरला ‘सार्वत्रिकीकरण करता येणार नाही’ हा शेवटचा फटकारा. तोही प्रश्नात बदलावा: कुठे लागू होईल आणि कुठे नाही? मुलं पाच-सहा महिने शाळेबाहेर राहणं आणि वसतिगृहातल्या मुलांनी गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत जाणं, या दोन गोष्टींवर हा निष्कर्ष उभा आहे. जिथे या दोन्ही आहेत, तिथे तो घेऊन जाण्यास कारण आहे, मग तो तालुका शेजारचा असो वा जिल्हा दुसरा. जिथे फडाजवळ साखरशाळा नीट चालते आणि मुलं तिथे शिकतात, तिथे हा फरक कमी असू शकेल. तिथे तो नेऊ नये. भूगोलाने ओढलेल्या रेषेपेक्षा कारणाने ओढलेली रेषा वाचणाऱ्याला अधिक सांगते.

नवा परिच्छेद

हे सगळं प्रबंधाच्या भाषेत, योग्य क्रमाने मांडलं तर असं दिसेल:

«या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष असा की, हंगामात गावातील वसतिगृहात राहिलेल्या मुलांची वाचनातील प्रगती स्थलांतरित मुलांपेक्षा अधिक झाली (नव्याने वाचू लागलेली मुले शंभरात २५ व १०). या निष्कर्षाची सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही की, मुलाला गावात ठेवण्याचा निर्णय कुटुंबांचा होता. ऑगस्टमध्येच असलेला ५ चा फरक हिशेबात घेतला आहे. परंतु घरातील आधार व पालकांची आस्था यांचा हंगामातील वाटा मोजता आलेला नाही. तो वसतिगृहाचा फायदा वाढवून दाखवणारा असल्याने १५ चा संपूर्ण फरक वसतिगृहाचा परिणाम मानू नये. एप्रिलमध्ये आठ स्थलांतरित मुलांची चाचणी होऊ शकली नाही. त्यांच्याबाबत कोणतेही टोकाचे गृहीत धरले तरी फरक साधारण ९ ते २० यांच्या दरम्यान राहतो. चाचणी घेताना संशोधकास मुलाचा गट माहीत होता. मात्र चाळीस ध्वनिमुद्रणांच्या स्वतंत्र तपासणीत अडतीस निर्णय जुळले व कल एका बाजूस आढळला नाही. नमुन्याच्या आकारामुळे फरकाचा ९५ टक्के विश्वास-पल्ला ३ ते २७ इतका रुंद आहे. म्हणून फरकाच्या दिशेवर भर द्यावा, आकारावर नाही. हजेरीच्या नोंदींत एकवाक्यता नसल्याने उपस्थितीची तुलना केलेली नाही. हे निष्कर्ष दीर्घ हंगामी स्थलांतर होणाऱ्या व वसतिगृहातील मुले गावातील शाळेत शिकणाऱ्या ठिकाणांना लागू पडण्यास आधार आहे. स्थलांतराच्या ठिकाणी शाळा चालत असेल तेथे तो नाही.»

यात चार गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. परिच्छेद निष्कर्षाने सुरू होतो, त्यामुळे पुढचं प्रत्येक वाक्य कशाबद्दल आहे हे कळतं. सर्वांत मोठी मर्यादा सर्वांत आधी येते. पुष्कळदा ती मध्ये कुठेतरी दडवली जाते आणि परीक्षकाला ती सापडली की उरलेल्या परिच्छेदावरचाही विश्वास जातो. वाक्यात ‘मात्र’ किंवा ‘परंतु’ आला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना मोजलेली गोष्ट आहे. ‘मर्यादा असल्या तरी संशोधन मोलाचे आहे’ असा कोरा दिलासा कुठे नाही. आणि वेळ-पैशाचं रडगाणं नाही. तीन-साडेतीन वर्षांत एका शिक्षिकेने दोन वेळा दीडशेच्या आसपास मुलं तपासली, हे पद्धतीच्या प्रकरणात आलेलंच असतं. त्याची माफी मागायची गरज नाही.

एक धोका दुसऱ्या बाजूचाही आहे. चार प्रश्नांची गोडी लागली की प्रत्येक बारीकसारीक गोष्ट परिच्छेदात येऊ लागते: चाचणीच्या दिवशी पाऊस होता, एका वर्गात आवाज होता. निष्कर्षाला हात न लावणारी गोष्ट इथे नको. चाळणी अशी: ही गोष्ट नसती तर माझ्या निष्कर्षाचं वाक्य वेगळं झालं असतं का? नाही, तर ती पद्धतीच्या प्रकरणात जाऊ द्यावी. चार-पाच मर्यादा पुरतात. वीस लिहिल्या तर मोठी कुठली ते दिसत नाही.

परिच्छेद खरा आहे की नाही, हे कसं ओळखावं

नवा परिच्छेद लिहून झाला की प्रबंधाचा गोषवारा त्याच्या शेजारी ठेवावा आणि दोन्ही एकामागून एक वाचावेत. मर्यादांत ‘संपूर्ण फरक वसतिगृहाचा मानू नये’ असं असेल आणि गोषवाऱ्यात ‘वसतिगृह योजना वाचनक्षमता वाढवण्यात प्रभावी ठरली’ असं असेल, तर दोहोंपैकी एक वाक्य खरं नाही. बहुतेक लोक गोषवाराच वाचतात, म्हणून दुरुस्ती तिथे व्हायला हवी. शिफारशींनाही हीच कसोटी लावावी. या अभ्यासावरून ‘सर्व जिल्ह्यांत वसतिगृहे काढावीत’ म्हणता येत नाही. ‘जिथे वसतिगृह आहे तिथे ते कुटुंबं निघण्याआधी सुरू व्हावे आणि हंगामाच्या दोन्ही टोकांना मुलांचे वाचन तपासावे’ असं म्हणता येतं. दुसरी शिफारस लहान आहे, पण कुणी आधार विचारला तर तो दाखवता येतो.

मौखिकीत परीक्षक साधारण हेच विचारतात. “पालकांनीच मुलं निवडली ना? मग तुमचा फरक वसतिगृहाचा कशावरून?” जुन्या परिच्छेदावर उभ्या राहिलेल्या विद्यार्थिनीला इथे ‘हो सर, ती मर्यादा आहे’ एवढंच म्हणता येतं आणि शांतता पसरते. नव्या परिच्छेदावर उभी राहिलेली सांगू शकते, “सर, पूर्ण फरक वसतिगृहाचा आहे असं मी म्हटलेलं नाही. ऑगस्टचे पाच वजा केले आहेत. घराचा वाटा मोजायला वसतिगृहात जागा अपुरी पडली आणि चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले, अशा गावांची तुलना लागेल. ती मला मिळाली नाही.” या उत्तरात कबुली आहे, हिशेब आहे आणि पुढचा अभ्यास कसा करायचा त्याची आखणीही आहे.

हे शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आज प्रबंध कपाटात पडून राहत नाही. तो ‘शोधगंगा’वर चढतो आणि कुणालाही वाचता येतो. उद्या जालना किंवा अहिल्यानगरमधला एखादा विद्यार्थी याच विषयावर काम करायला बसेल, तेव्हा ‘वेळ व पैशाअभावी’ हे शब्द त्याच्या काहीच उपयोगाचे नसतील. पण एप्रिलच्या मध्यात चाचणी घेतली तर उशिरा परतणारी मुलं निसटतात, हजेरीपटावर तुलना बेतू नये, वाचन ध्वनिमुद्रित करून दुसऱ्याकडून तपासून घ्यावं, हे त्याला त्या एका परिच्छेदातून मिळेल. तो आपली दुसरी चाचणी जूनमध्ये, शाळा उघडल्यावर ठेवील. आणि ती आठ मुलं त्याच्या तक्त्यात असतील.